कसुराची नोटीस आणि सुधारण्याची मुदत

व्यापारी जागेच्या भाडेपट्ट्यात भाडेकरूने एखादी अट मोडली म्हणून भाडेपट्टा त्याच दिवशी संपत नाही. अट मोडणे आणि भाडेपट्टा संपुष्टात येणे यांच्यामध्ये कायद्याने आणि बहुतेक करारांनी एक टप्पा ठेवला आहे. या टप्प्यात जागामालकाने कसूर नेमके काय झाले ते लेखी कळवायचे असते आणि भाडेकरूला ते दुरुस्त करायला वेळ द्यायचा असतो. लेखी कळवण्याला कसुराची नोटीस म्हणतात आणि त्या वेळेला व्यवहारात ‘क्युअर पिरियड’. हा टप्पा नीट पार पडला नाही, तर कसूर खरे असूनही मालकाचा दावा टिकत नाही. भाडेकरूने हा टप्पा वाया घालवला, तर लाखो रुपये खर्चून सजवलेले दुकान त्याच्या हातून जाऊ शकते.

महाराष्ट्रात या विषयात पाऊल टाकण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: ही जागा कोणत्या कायद्याखाली येते? दुकान किंवा कार्यालय भाड्याने दिले की सर्वसाधारणपणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो आणि भाडेकरूला त्याचे संरक्षण मिळते. पण या अधिनियमाच्या कलम ३ ने काही भाडेकरूंना संरक्षणातून वगळले आहे. त्यात बँका, सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे अशा खाजगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्या येतात. मोठी शोरूम, बँकांच्या शाखा, साखळी उपाहारगृहे, आयटी कार्यालये यांचे भाडेपट्टे बहुधा या वगळलेल्या गटात पडतात. त्यांना मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो आणि कसुराची नोटीस हा विषय खऱ्या अर्थाने तिथेच उभा राहतो. भाडेकरू कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल किती हे कंपनी निबंधकाकडील नोंदींत पाहता येते. नोटीस लिहायला घेण्याआधी वकील ही नोंद मागवतात, कारण त्या एका आकड्यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो.

१८८२ च्या कायद्यात भाडेपट्टा मुदतीआधी कसुरापोटी संपवायचा तर कलम १११ च्या खंड (छ) मधील तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. भाडेपट्ट्यात ती अट स्पष्ट शब्दांत लिहिलेली असली पाहिजे. ती मोडल्यास मालकाला जागेत पुन्हा प्रवेश करता येईल, म्हणजे ताबा परत घेता येईल, असेही त्याच दस्तऐवजात म्हटलेले असले पाहिजे. आणि कसूर झाल्यावर आपण भाडेपट्टा संपवत आहोत असे मालकाने, किंवा जागा विकली असल्यास नव्या मालकाने, लेखी कळवले पाहिजे. यातली दुसरी गोष्ट अनेकदा राहून जाते. ‘भाडेकरूने जागेत फेरफार करू नयेत’ एवढेच लिहून करार पुढे सरकतो आणि फेरफार केल्यास काय, हे कुठेच येत नाही. अशा वेळी मालक नुकसानभरपाई मागू शकतो, न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळवू शकतो, पण त्या कसुराच्या जोरावर भाडेपट्टा संपवू शकत नाही. भाडेपट्टा नोंदणीकृत नसेल तर अडचण आणखी वाढते. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि न नोंदवलेल्या दस्तऐवजातील अटी न्यायालयात अटी म्हणून सिद्ध करता येत नाहीत.

एवढ्यावर भाडेकरूला पुरेसे संरक्षण मिळत नव्हते. म्हणून १९२९ च्या दुरुस्तीने दोन बदल झाले. खंड (छ) मधली नोटीस लेखी असावी असे ठरले आणि कलम ११४-अ नव्याने घातले गेले. हे कलम या विषयाचा गाभा आहे. मोडल्यास ताबा परत घेण्याचा हक्क मालकाला देणारी स्पष्ट अट मोडल्यामुळे भाडेपट्टा संपला, असा आधार घेऊन मालक दावा लावणार असेल, तर आधी त्याने भाडेकरूला लेखी नोटीस बजावलीच पाहिजे. त्या नोटिशीत कोणते कसूर झाले ते नेमके सांगितले पाहिजे. कसूर दुरुस्त होण्याजोगे असेल तर ते दुरुस्त करा असे सांगितले पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून वाजवी वेळेत भाडेकरूने ते दुरुस्त केले नाही, तरच दावा चालतो. कलमाचा रोख भाडेकरूला हाकलण्याकडे नाही, कसूर दूर व्हावे याकडे आहे, आणि नोटीस लिहिणाऱ्याने हाच रोख धरायला हवा.

व्यवहारात चूक होते ती इथेच. मालकाच्या मनात राग असतो आणि नोटीस त्या रागातून लिहिली जाते: ‘आपण करारातील अनेक अटींचा वारंवार भंग केला असून पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी.’ या वाक्यात कोणती अट, ती केव्हा मोडली, कशी मोडली, यातले काहीच नाही. दुरुस्त करा असेही कुठे म्हटलेले नाही, थेट जागा सोडायला सांगितले आहे. कलम ११४-अ च्या दृष्टीने ही नोटीस अपुरी आहे. चांगल्या नोटिशीत भाडेपट्ट्याची तारीख व नोंदणी क्रमांक, मोडलेल्या खंडाचा क्रमांक आणि त्यातले शब्द, कसुराचे ठिकाण व स्वरूप, ते मालकाला केव्हा दिसले ती तारीख, काय केले म्हणजे कसूर दूर झाले असे मानले जाईल याचे वर्णन, आणि त्यासाठी दिलेली मुदत हे सगळे येते. ‘पश्चिमेकडील भिंतीला खिळवून उभारलेला लोखंडी पोटमाळा काढावा, भिंतीतील छिद्रे बुजवावीत आणि भिंत पूर्ववत करावी’ असे लिहिले की भाडेकरूला आपण काय करायचे हे कळते आणि पुढे न्यायाधीशालाही ते झाले की नाही हे तपासता येते.

मुदत किती असावी, हा पुढचा प्रश्न. कायदा ‘वाजवी वेळ’ म्हणतो आणि आकडा देत नाही. करारांत साधारणपणे पैशांच्या कसुराला पंधरा दिवस आणि इतर कसुरांना तीस दिवस लिहिलेले आढळतात. नीट विचार करून लिहिलेल्या करारात आणखी एक वाक्य असते: तीस दिवसांत काम पुरे होण्यासारखे नसेल, पण भाडेकरूने त्या दिवसांत काम सुरू करून ते नेटाने चालू ठेवले असेल, तर मुदत ठरावीक कमाल दिवसांपर्यंत वाढेल. भाडेकरूने करार करतानाच हे वाक्य मागून घ्यावे. लिफ्टची दुरुस्ती, अग्निशमन यंत्रणेचे नूतनीकरण, महापालिकेची परवानगी यांसारख्या गोष्टी तीस दिवसांत क्वचितच उरकतात.

करारात सात दिवस लिहिले आणि काम दोन महिन्यांचे असेल तर? मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील अनेक कलमे ‘विरुद्ध करार नसेल तर’ अशा शब्दांनी सुरू होतात, म्हणजे पक्षकारांना त्यांपासून दूर जाण्याची मोकळीक असते. कलम ११४-अ मध्ये हे शब्द नाहीत. त्यामुळे केवळ करारातल्या आकड्यावर विसंबून राहणे मालकासाठी धोक्याचे आहे. दिलेली मुदत त्या कामाच्या मानाने वाजवी होती का, हा मुद्दा भाडेकरू उपस्थित करू शकतो. जागेच्या देखभालीबाबत तर कायद्यातच एक मोजमाप सापडते. कलम १०८ च्या खंड (ड) नुसार मालक वाजवी वेळी येऊन जागेची पाहणी करू शकतो आणि भाडेकरूच्या कृतीने किंवा निष्काळजीपणाने झालेल्या दोषाची सूचना देऊ शकतो. अशी सूचना मिळाल्यावर तो दोष भाडेकरूने तीन महिन्यांत दूर करायचा असतो. करारात वेगळे काही ठरले नसेल तर हा नियम लागू होतो. ज्या मालकाने गळणाऱ्या छताबद्दल दहा दिवसांची नोटीस दिली, त्याला या तीन महिन्यांची आठवण करून देता येते.

सगळी कसुरे दुरुस्त होण्याजोगी नसतात. परवानगीशिवाय लावलेला फलक काढता येतो, चुकलेला विमा पुन्हा घेता येतो, कपड्यांच्या दुकानाच्या जागी सुरू केलेले उपाहारगृह बंद करता येते. इमारतीचा भार पेलणारी भिंत पाडली असेल, तर ती पुन्हा बांधून मूळची स्थिती येते का, हे अभियंत्यालाच सांगावे लागेल. अशा शंकेच्या वेळी कसूर दुरुस्त होण्याजोगे आहे असे धरून नोटीस देण्यात मालकाचे काहीच जात नाही. उलट, ‘हे दुरुस्त होणारे नाही’ असे स्वतःच ठरवून मुदत न देणे हा विनाकारण ओढवून घेतलेला वाद ठरतो.

दोन कसुरांना मात्र कलम ११४-अ लागूच होत नाही. एक म्हणजे परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, भाडेपट्टा दुसऱ्याच्या नावे करणे किंवा जागेचा ताबा दुसऱ्याला देणे. कायद्याने यासाठी दुरुस्तीची संधी ठेवलेली नाही. दुकानाचा एक कोपरा मोबाइलवाल्याला किंवा कॉफीच्या टपरीला दिलेला असतो आणि भाडेकरूला त्यात काही गैर वाटत नाही, तरीही भाडेपट्टा जाण्यासाठी तेवढे पुरे होऊ शकते. यात बचाव करायचा तर तो करारातल्या क्युअर पिरियडचाच, आणि करारात तो या कसुरालाही लागू आहे की नाही हे अक्षर न् अक्षर वाचून पाहावे लागते.

दुसरा अपवाद थकलेल्या भाड्याचा. भाडे थकले तर दावा लावण्याआधी दुरुस्तीची नोटीस द्यावी असे १८८२ चा कायदा म्हणत नाही. भाडेपट्टा संपवत असल्याची कलम १११ ची लेखी नोटीस लागते, तेवढीच. करारात पंधरा दिवसांचा अवधी लिहिला असेल तर तो पाळणे मालकावर बंधनकारक आहे, पण तो अवधी कराराने दिलेला आहे, कायद्याने नाही. कायद्याची संधी नंतर येते, थेट न्यायालयात. कलम ११४ नुसार दाव्याच्या सुनावणीत भाडेकरूने थकबाकी, तिच्यावरचे व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च दिला, किंवा पंधरा दिवसांत देण्याबद्दल पुरेसे तारण दिले, तर न्यायालय ताबा देण्याचा हुकूम करण्याऐवजी भाडेपट्टा जणू संपलाच नव्हता असा आदेश देऊ शकते. म्हणजे इतर कसुरे दावा लागण्यापूर्वी दुरुस्त करायची आणि भाड्याचे कसूर दावा लागल्यानंतरही दुरुस्त करता येते. हा फरक ध्यानात नसल्याने अनेक भाडेकरू नको तिथे घाबरतात आणि हवे तिथे निर्धास्त राहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये प्रद्युम्न कुमार विरुद्ध वीरेंद्र गोयल या खटल्यात असेही म्हटले की ही संधी अपिलाच्या टप्प्यावरही देता येते.

ही सवलत भाडेकरूचा हक्क नव्हे. कलमात ‘शकते’ असा शब्द आहे आणि न्यायालय भाडेकरूचे वागणे पाहते. नामदेव लोकमन लोधी विरुद्ध नर्मदाबाई या १९५३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिलासा नाकारला. जो न्याय मागायला येतो त्याने स्वतः न्यायाने वागलेले असले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. वर्षानुवर्षे दावा लागेपर्यंत भाडे न देण्याची सवय असलेल्या भाडेकरूने कलम ११४ वर भिस्त ठेवू नये.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे सगळे पायरीपायरीने पाहता येईल. पुण्यात एका कंपनीने नऊ वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने शोरूम घेतली आहे. कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल दोन कोटी आहे, म्हणून भाडे नियंत्रण कायदा लागू नाही. भाडे महिना २,००,००० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी, आणि ते पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचे. भाडे थकल्यास पंधरा दिवसांची, इतर कसुराला तीस दिवसांची नोटीस. काम वेळेत सुरू करून नेटाने चालू ठेवल्यास एकूण साठ दिवसांपर्यंत वाढ. त्यानंतर मालकाला ताबा परत घेण्याचा हक्क. कंपनीने एप्रिल आणि मे महिन्यांचे भाडे दिलेले नाही. शिवाय मालकाला न विचारता आत लोखंडी पोटमाळा उभारला आहे.

मालकाने १० जूनला दोन्ही कसुरांची नोटीस पाठवली आणि ती कंपनीला १३ जूनला मिळाली. मुदत मोजायची ती मिळाल्यापासून, आणि मिळाल्याचा दिवस सोडून. त्यामुळे भाड्याची मुदत २८ जूनला संपते आणि पोटमाळ्याची १३ जुलैला. नोटीस लिहिल्याच्या तारखेपासून मोजले तर २५ जून आणि १० जुलै येतात. त्या हिशेबाने २६ जूनला भाडेपट्टा संपवल्याचे पत्र पाठवणारा मालक तीन दिवस घाईत असतो, आणि हे तीन दिवस त्याचे सगळे प्रकरण बिघडवू शकतात.

आता रक्कम. मालकाने नोटिशीत मागितले ४,७२,००० रुपये: दोन महिन्यांचे भाडे चार लाख आणि जीएसटी ७२,०००. पण कंपनी भाड्यावर दहा टक्के उद्‌गम कर, म्हणजे टीडीएस, कापून सरकारजमा करते. तो जीएसटी वगळून भाड्याच्या रकमेवर कापला जातो. दरमहा वीस हजार, दोन महिन्यांचे चाळीस हजार. म्हणून कंपनीने २४ जूनला बँकेतून ४,३२,००० पाठवले. चाळीस हजार कमी आले म्हणून कसूर दूर झाले नाही, असे मालक म्हणू शकत नाही, कारण ती रक्कम त्याच्याच नावे करखात्यात जमा होते आणि त्याच्या कराच्या विवरणात दिसते. कंपनीने मात्र हा हिशेब पैशांबरोबरच लेखी कळवायला हवा. हिशेब न कळवता कमी रक्कम पाठवणे म्हणजे वादाला आमंत्रण.

पोटमाळ्याबाबत कंपनीने १८ जूनला उत्तर दिले. पोटमाळा उभारल्याचे मान्य केले, अभियंत्याचे वेळापत्रक जोडले आणि करारातील वाढीव मुदतीचा आधार घेतला. माल हलवून १ जुलैला काम सुरू झाले, २५ जुलैला संपले. भिंत पूर्ववत केल्याचे अभियंत्याचे प्रमाणपत्र, आधीची व नंतरची छायाचित्रे आणि मालकाच्या माणसासमवेत केलेल्या पाहणीची सही केलेली नोंद कंपनीने जपून ठेवली. मालकाने १४ जुलैला ‘तीस दिवस संपले’ म्हणून भाडेपट्टा संपवल्याचे पत्र दिले असते, तर ते वेळेआधीचे ठरले असते.

आता उलट शक्यता. कंपनीने पोटमाळ्याबद्दल काहीच केले नाही. १४ जुलैला मालकाने दुसरी नोटीस पाठवली: दिलेल्या मुदतीत कसूर दूर झाले नाही, म्हणून भाडेपट्टा संपवत आहे. ती १८ जुलैला मिळाली. या दोन नोटिसा वेगळ्या ठेवणेच शहाणपणाचे. एकाच पत्रात ‘दुरुस्त करा, नाहीतर भाडेपट्टा आपोआप संपला’ असे लिहिले, तर भाडेपट्टा नेमका कोणत्या दिवशी संपला यावरच दावा अडकतो.

दुसऱ्या नोटिशीनंतर मालकापुढे एक वेगळाच धोका असतो. ७ ऑगस्टला जुलैचे भाडे नेहमीच्या सवयीने मालकाच्या खात्यात येऊन पडते. कलम ११२ सांगते की भाडेपट्टा कसुरापोटी संपल्यानंतर देय झालेले भाडे मालकाने कसूर ठाऊक असताना स्वीकारले, किंवा भाडेपट्टा चालूच आहे असे दाखवणारी दुसरी कृती केली, तर त्याने तो हक्क सोडून दिला असे मानले जाते. पूर्वी मालक पैसे घेऊन पावती द्यायचा, त्यामुळे स्वीकारले की नाही हे उघड असे. आता पैसे खात्यात थेट जमा होतात, मालकाच्या होकाराची कोणी वाट पाहत नाही. म्हणून मालकाने एक तर रक्कम तातडीने परत करावी, किंवा ती भाडे म्हणून नव्हे तर जागेच्या वापराची भरपाई म्हणून आणि आपले हक्क राखून घेतली आहे असे लगेच लेखी कळवावे. त्या महिन्याचे भाड्याचे बीजक पाठवणे तर पूर्ण टाळावे. कार्यालयातील लेखापाल सवयीने बीजक काढतो आणि तेवढा एक कागद भाडेकरूच्या वकिलाला पुरतो. दावा दाखल झाल्यानंतर स्वीकारलेल्या भाड्याने मात्र हा हक्क जात नाही, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे.

अनामत रकमेबद्दलही बराच गैरसमज आहे. ‘आमचे सहा महिन्यांचे डिपॉझिट तुमच्याकडे आहे, त्यातून वळते करा’ असे भाडेकरू म्हणतो आणि कसूर दूर झाले असे समजतो. बहुतेक करारांत अनामत भाड्यापोटी वळती करता येणार नाही असे लिहिलेले असते, तेव्हा या उत्तराने मुदत थांबत नाही. मात्र मालकाने स्वतःहून अनामतीतून थकबाकी वळती केली, तर ती थकबाकी उरत नाही. मग कसूर असलेच तर अनामत पूर्ववत न भरण्याचे, आणि त्यासाठी नवी नोटीस लागेल.

नोटीस पोचल्याचा पुरावा हा साधा वाटणारा पण दावे बुडवणारा मुद्दा आहे. करारात नोटिशीसाठी पत्ता दिलेला असतो तो आधी पाहायचा. कंपनी असेल तर तिच्या नोंदणीकृत कार्यालयालाही एक प्रत पाठवायची, कारण दुकानातला व्यवस्थापक पाकीट टेबलाच्या खणात टाकून देतो आणि मुख्य कार्यालयाला काहीच कळत नाही. योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून पाठवलेले नोंदणीकृत पत्र पोचले असे मानण्याची तरतूद १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे, आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेले पाकीट पोचल्यासारखेच धरले जाते. ते पाकीट न फोडता जपावे. ईमेल करारात मान्य केलेला नसेल तर एकट्या ईमेलवर विसंबू नये. जागा एकाहून अधिक भावंडांच्या नावे असेल तर नोटीस सर्वांच्या वतीने दिली आहे हे तिच्यात लिहावे.

भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या छोट्या दुकानदाराची गोष्ट निराळी. त्याला थकलेल्या भाड्यासाठी कायद्यानेच मोठी मुदत दिली आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम १५ नुसार मालकाने आधी थकबाकीची लेखी मागणी करायची आणि ती मिळाल्यापासून नव्वद दिवस संपेपर्यंत दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने देय झालेले भाडे, त्यावर सालीना पंधरा टक्के सरळ व्याजासह, न्यायालयात भरले, पुढे दाव्याचा निकाल लागेपर्यंत ते नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो खर्च दिला, तर ताब्याचा हुकूम होत नाही. इथे मेख ‘नियमित’ या शब्दात आहे. थकबाकी भरून सुटलो असे समजून पुढची दोन-तीन वर्षे अधूनमधून भाडे भरणारे दुकानदार मिळालेले संरक्षण हातचे घालवतात. आणि हे संरक्षण भाड्यापुरतेच आहे. लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम, बेकायदा पोटभाडेकरू अशी कलम १६ मधली इतर कारणे असतील तर नव्वद दिवसांची ही सोय नाही.

शहरांतली बरीच व्यापारी जागा भाडेपट्ट्याने नव्हे, लिव्ह अँड लायसन्सने दिली जाते. तिथे कलम १११ आणि ११४-अ लागू होत नाहीत, कारण लायसन्सने जागेत हक्क निर्माण होत नाही, वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. अशा करारात क्युअर पिरियड जो लिहिला असेल तोच. लिहिला नसेल तर लायसन्स रद्द झाल्यावर जागा सोडून सामान हलवण्यापुरता वाजवी वेळ १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाखाली मिळतो, कसूर सुधारण्यासाठी नाही. पाच वर्षांचे लॉक-इन मान्य करून आतली सजावट उभी करणाऱ्या व्यावसायिकाने ‘कसूर झाल्यास परवानगी तात्काळ रद्द’ असे वाक्य तसेच राहू देणे अत्यंत जोखमीचे आहे. लॉक-इन बहुतेकदा त्यालाच बांधते, आणि त्या वाक्यामुळे मालक मात्र मोकळा राहतो.

मुदत संपली, भाडेपट्टा संपल्याची नोटीसही गेली, तरी मालकाने दुकानाला स्वतःचे कुलूप लावू नये. करारात पुन्हा प्रवेशाचा हक्क लिहिला असला तरी तो बजावायचा मार्ग न्यायालयातूनच जातो. मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. बळाने बाहेर काढलेला भाडेकरू विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न विचारातच घेतला जात नाही. दावा लांबला तरी मालक रिकाम्या हाती राहत नाही. भाडेपट्टा संपल्याच्या दिवसापासून ताबा मिळेपर्यंतच्या वापराची भरपाई तो मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आत्मा राम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या प्रकरणात ठरवले की ताब्याच्या हुकुमाला अपिलात स्थगिती हवी असेल तर भाडेकरूला जुन्या भाड्याऐवजी वाजवी भरपाई देण्याची अट घालता येते.

भाडेकरू कंपनी दिवाळखोरी संहितेखाली गेली असेल तर हा सगळा क्रम थांबतो. २०१६ च्या या संहितेचे कलम १४ स्थगिती लागू असेपर्यंत कंपनीच्या ताब्यातली जागा मालकाला परत घेऊ देत नाही. म्हणून मोठ्या कंपनीला कसुराची नोटीस देताना तिच्याविरुद्ध राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात अर्ज दाखल आहे का, याचीही चौकशी करावी लागते. अर्ज दाखल होऊन प्रवेशाच्या टप्प्यावर असेल, तर नोटीस, मुदत आणि दावा या तिन्हींसाठी हातात असलेला काळ फार थोडा असतो.